रक्ताच्या थेंबापासून हळदीच्या गिरणीपर्यंत
(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

बांगलादेशातल्या मैमनसिंग, टांगाइल, किशोरगंज आणि गाझीपूर या जिल्ह्यांतली खेडी म्हणजे भाताची खाचरं, तळी आणि पत्र्याच्या छपरांची घरं. शिशाची विषबाधा म्हटलं की जुन्या बॅटऱ्या वितळवणारी भट्टी डोळ्यांपुढे येते, नाहीतर रंगाचे पोपडे सुटलेली एखादी पडकी इमारत. या खेड्यांत त्यातलं सहज नजरेत भरेल असं काही नव्हतं. तरीही ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही आरोग्य संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी तिथल्या ४३० गरोदर स्त्रियांचं रक्त तपासलं, तेव्हा ३१ टक्के जणींच्या रक्तात शिशाचं प्रमाण ५ मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. (हा आकडा एका डेसीलिटरमागचा, म्हणजे १०० मिलीलिटर रक्तामागचा. पुढेही सगळीकडे हाच हिशेब आहे.)

गरोदरपणातली ही तपासणी खरं तर मुलांचीच तपासणी होती. शिसं वारेतून थेट गर्भापर्यंत पोचतं. शिवाय बाईच्या हाडांत आधीच्या आयुष्यात साठलेलं शिसं गरोदरपणात, हाडांतलं कॅल्शियम बाळासाठी खर्च होऊ लागलं की त्याच्याबरोबर रक्तात उतरतं. मूल जन्माला येण्याआधीच त्याच्या वाट्याला आईच्या स्वयंपाकघराचा इतिहास येतो.

मग शिसं येत होतं कुठून? संशयितांमध्ये भातावर मारायची कीटकनाशकं होती आणि शिशाचा डाग देऊन सांधलेले धान्याचे डबेही होते. आणखी एक संशय हळदीवर होता. जेना फोरसाइथ आणि स्टीफन लुबी या संशोधकांच्या गटाने यासाठी वापरलेली पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण या विषयात पुराव्याची सगळी भिस्त तिच्यावर असते.

निसर्गात शिशाचे चार स्थिर प्रकार आढळतात. त्यांचे अणुभार २०४, २०६, २०७ आणि २०८. यातले शेवटचे तीन युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासातून सतत तयार होत आलेले आहेत. त्यामुळे कोणत्या खाणीतलं खनिज किती जुनं आणि कुठल्या खडकातलं, यावर या प्रकारांचं परस्परांशी असलेलं प्रमाण ठरतं. खनिज वितळवा, त्याचा रंग बनवा, तो रंग अन्नातून माणसाच्या पोटात जाऊ द्या, हे प्रमाण जवळपास जसंच्या तसं राहतं. म्हणून रक्तातल्या शिशाचं प्रमाण कीटकनाशकाशी जुळतं, डब्याशी जुळतं की हळदीशी, हे ताडून पाहता येतं. बांगलादेशातल्या स्त्रियांच्या रक्ताचं प्रमाण हळदीतल्या शिशाशी जुळलं. या पद्धतीला मर्यादा आहे. दोन वेगळ्या वस्तूंमधलं शिसं योगायोगाने सारख्याच प्रमाणाचं असेल, तर ती त्यांच्यात भेद करू शकत नाही. म्हणून संशोधक नुसत्या प्रयोगशाळेवर विसंबले नाहीत. ते हळदीच्या मागावर गिरण्यांपर्यंत गेले.

सांगली, हिंगोली, वसमत इकडच्या श्रोत्यांना हळदीची रीत वेगळी सांगायला नको. जमिनीतून काढलेली हळद शिजवतात, उन्हात वाळवतात आणि मग हळकुंडं पॉलिशच्या ड्रममध्ये घालून फिरवतात. एकमेकांवर घासून वरची खडबडीत साल निघते आणि आतला पिवळा रंग दिसू लागतो. बांगलादेशातही हेच होतं. मात्र तिथल्या गिरण्यांत, हळकुंडं ड्रममध्ये फिरत असतानाच, त्यांच्यावर एक झगझगीत पिवळी पूड टाकली जात होती. बाजारात तिला ‘पिउरी’ म्हणत, कुणी ‘बासंती रंग’ म्हणत. रसायनशास्त्राच्या भाषेत ती लेड क्रोमेट. रंगाच्या कारखान्यात वापरायची वस्तू, आणि वजनाच्या साधारण ६४ टक्के निव्वळ शिसं.

ही प्रथा का पडली, याचं उत्तर व्यापाऱ्यांच्याच आठवणीत सापडलं. १९८० च्या दशकात मोठा पूर आला, हळद नीट वाळली नाही आणि हळकुंडं काळपट पडली. काळपट हळकुंडाला गिऱ्हाईक नाही. पुडीने ती पिवळीधमक दिसू लागली आणि विकली गेली. पूर ओसरला, पण गिऱ्हाइकाची नजर त्या चमकेला सरावली, आणि चांगल्या वाळलेल्या हळदीवरही पूड चढू लागली. पॉलिश करणारा सांगे की घाऊक व्यापारी मागतो, घाऊक व्यापारी सांगे की गिऱ्हाईक मागतं. यात लुच्चेगिरी होती, पण निष्काळजी अज्ञानही तितकंच होतं. गिरणीतले कामगार ती पूड उघड्या हातांनी हाताळत आणि तीच श्वासावाटे आत घेत होते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हळद पिकवणाऱ्या नऊ प्रमुख जिल्ह्यांपैकी सात जिल्ह्यांत लेड क्रोमेटचा माग लागला. सर्वाधिक दूषित नमुन्यात दर ग्रॅम हळदीमागे ११५२ मायक्रोग्रॅम शिसं होतं. बांगलादेशातली कायदेशीर मर्यादा आहे २.५.

हा आकडा मुलाच्या पोटात काय करतो, ते एकदा सावकाश पाहिलं पाहिजे. मोठ्या माणसाच्या आतड्यातून खाल्लेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा रक्तात शोषला जातो. लहान मुलात तो निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. पोट रिकामं असेल किंवा शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर शोषण आणखी वाढतं, कारण आतड्यात शिसं त्याच दारांनी आत शिरतं. रक्तात ते महिनाभर रेंगाळतं, पण तिथून हाडांत जाऊन बसलं की दशकानुदशकं राहतं. मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या ज्या वयात भराभर बांधल्या आणि छाटल्या जातात, त्या वयात शिसं कॅल्शियमची जागा बळकावून त्या कामात ढवळाढवळ करतं. याचा परिणाम बुद्धीवर आणि चित्त एका जागी ठेवण्याच्या क्षमतेवर होतो, आणि झालेलं नुकसान पुढे भरून निघत नाही. कोणती पातळी सुरक्षित, ती आजवर सापडलेली नाही. उलट, अनेक देशांतल्या मुलांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासांत असं दिसलं, की रक्तातलं शिसं कमी असतानाच दर मायक्रोग्रॅममागे होणारं बौद्धिक नुकसान जास्त असतं.

आता एक साधा हिशेब करू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांसाठी अन्नातून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम शिसं ही संदर्भ पातळी धरली आहे. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार हळदीत दर ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं चालतं. एखाद्या मुलाच्या वरण-भाजीतून दिवसाला अर्धा ग्रॅम हळद पोटात गेली असं धरलं, तर आपल्या नियमात बसणाऱ्या हळदीतूनही त्याला ५ मायक्रोग्रॅम शिसं मिळू शकतं, म्हणजे त्या संदर्भ पातळीच्या दुपटीहून जास्त. बांगलादेशातल्या त्या सर्वांत वाईट नमुन्याची अर्धा ग्रॅम हळद खाल्ली, तर हा आकडा पावणेसहाशेच्या आसपास जातो. भारताची मर्यादा बांगलादेशाच्या चौपट सैल का असावी, याचं समाधानकारक कारण देणं कठीण आहे.

असं मूल दिसायला कसं असतं? बहुतेक वेळा अगदी नेहमीसारखं. कधी पोट दुखतं, कधी शौचाला कडक होते, थोडा अशक्तपणा असतो. यातली प्रत्येक तक्रार लहान मुलात वेगळ्या शंभर कारणांनी होऊ शकते. शिसं रक्तातल्या लाल रंगद्रव्याचा घटक तयार होऊ देत नाही म्हणून पंडुरोग होतो, आणि पंडुरोग तर आपल्याकडे घरोघरी. डॉक्टरने तपासून ओळखावं असं या विषबाधेचं रूप नसतं. झटके येणं, बेशुद्ध होणं ही लक्षणं दिसू लागतात तेव्हा पातळी बरीच वर गेलेली असते. म्हणूनच आजारी मुलाची वाट न पाहता निरोगी दिसणाऱ्या मुलांचं रक्त तपासावं लागतं.

ही तपासणी कागदावर सोपी दिसते. बोटाच्या टोकाला टोचायचं, दोन थेंब रक्त घ्यायचं, हातात मावणाऱ्या यंत्राच्या पट्टीवर ठेवायचं आणि तीन मिनिटांत आकडा बघायचा. खरी भानगड बोटाची असते. जे मूल शिशाच्या धुळीत खेळतं त्याच्या बोटावर शिसं असतंच, आणि टोचताना ते कातडीवरचं शिसं थेंबात मिसळतं. यंत्र मग रक्तातल्या शिशाबरोबर बोटावरचंही मोजतं. म्हणून साबणाने हात घासून धुवायचे, धुतल्यावर ते बोट कशालाही, अगदी मुलाच्या सदऱ्यालाही, लागू द्यायचं नाही, मग स्पिरिट लावायचं आणि पहिला थेंब पुसून टाकायचा. हे सगळं करूनही काही वेळा आकडा खोटा चढतो. थेंबावर आलेला चढा आकडा म्हणजे निदान नव्हे. तो शिरेतलं रक्त काढून प्रयोगशाळेत पक्का करावा लागतो. उलट दिशेनेही घात होतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेच इशारा दिला होता, की एका मोठ्या उत्पादकाच्या यंत्रांवर शिरेतलं रक्त तपासलं तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो. खोटा चढा आकडा दुसऱ्या तपासणीत पकडला जातो, पण खोटा कमी आकडा पुन्हा तपासायची तसदी कोण घेणार?

आकडा पक्का झाला की त्याचं करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर शिशाचा उगम शोधून तो थांबवायचा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची संदर्भ पातळी त्याच वर्षी ३.५ वर आली. शिसं शरीराबाहेर काढणारं औषध, म्हणजे शिशाला धरून लघवीवाटे नेणारं द्रव्य, लहान मुलांत ४५ च्या पुढे द्यायचं असतं. याचा अर्थ असा, की तपासणीत सापडणाऱ्या बहुसंख्य मुलांसाठी गोळी नाही, इंजेक्शन नाही. उपाय एकच, घरात जाऊन शिसं कुठून येतंय ते शोधणं. रक्त तपासून थांबणारा कार्यक्रम आई-बापांच्या जिवाला घोर लावण्यापलीकडे काही साधत नाही.

या शोधाची सर्वांत शिस्तबद्ध पद्धत न्यूयॉर्क शहरात पाहायला मिळते. न्यूयॉर्क राज्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाचं रक्त एक आणि दोन वर्षं वयाला तपासावं लागतं. ठरावीक पातळीच्या वर आकडा आला की शहराच्या आरोग्य विभागाचा तपासनीस त्या घरी जातो. त्या शहरात घरांच्या रंगात शिशावर १९६० पासूनच बंदी आहे, पण त्याआधीचा रंग हजारो भिंतींवर थरांखाली दबलेला आहे, त्यामुळे तपासनीस आधी खिडकीच्या चौकटी आणि दाराच्या कडा बघतो. जिथे लाकडावर लाकूड घासतं तिथे रंगाची धूळ पडते. त्यानंतर प्रश्न सुरू होतात. घरात कुणी बांधकामाच्या किंवा रंगाच्या कामावर जातं का? मुलाच्या डोळ्यांत काजळ, सुरमा घालता का? गावाकडून आलेलं एखादं औषध देता का? आणि मसाले कुठून आणता?

शेवटच्या प्रश्नाने बरंच काही उघड केलं. २००८ ते २०१७ या दहा वर्षांत अशा तपासांमधून ४१ देशांतल्या जवळपास दीड हजार मसाल्यांचे नमुने गोळा झाले. त्यांतल्या निम्म्याहून जास्त नमुन्यांत मोजता येईल इतकं शिसं होतं, आणि तीस टक्क्यांहून जास्त नमुन्यांत दर ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमच्या वर. सर्वाधिक शिसं जॉर्जिया, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ आणि मोरोक्को या देशांतून आलेल्या मसाल्यांत. महत्त्वाची गोष्ट अशी, की अमेरिकेतल्या दुकानातून घेतलेल्या मसाल्यांपेक्षा मायदेशी जाऊन पिशवीत भरून आणलेल्या, नाव-लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये शिसं कितीतरी जास्त होतं. सुट्टीला गेल्यावर आजीकडून पिशवी भरून मसाला आणणारं मराठी कुटुंबही या वर्णनात सहज बसतं. आजीच्या मसाल्यावर संशय घ्यायचा नाही. प्रश्न एवढाच, की आजीने दळायला दिलेली हळकुंडं कोणत्या बाजारातून आली.

जॉर्जिया हे नाव या यादीत सगळ्यांत वर यावं, याचं त्या देशालाच आश्चर्य वाटलं असेल. तिथे २०१८ मध्ये युनिसेफच्या बहुनिर्देशक घरगुती पाहणीत, घरोघरी प्रश्न विचारतानाच, दोन ते सात वर्षं वयाच्या दीड हजारांहून जास्त मुलांच्या शिरेतलं रक्तही घेतलं गेलं आणि इटलीच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तपासलं गेलं. ४१ टक्के मुलांची पातळी ५ च्या वर होती. काळ्या समुद्राकाठच्या अजारा प्रांतात हे प्रमाण सुमारे ८५ टक्के होतं. पूर्वेपेक्षा पश्चिमेकडे आकडे चढे होते. मग बांगलादेशात वापरली तीच पद्धत आली: मुलांच्या घरांतली माती, धूळ, रंग, पाणी, मसाले गोळा करायचे आणि शिशाच्या प्रकारांचं प्रमाण रक्ताशी ताडून पाहायचं. बोट मसाल्यांकडे वळलं. जॉर्जियाच्या स्वयंपाकात झेंडूची वाळवून दळलेली पिवळी फुलं घालतात. त्यातही पिवळेपणा विकला जातो.

ही पाहणी एका कारणाने फार शिकवून जाते. तिने प्रत्येक मुलाला तपासलं नाही. संख्याशास्त्रीय नमुना घेतला आणि प्रांतांमधला फरक दाखवला. फरक दिसल्यामुळे प्रश्न नेमका झाला: पश्चिमेकडचे लोक असं काय खातात, जे पूर्वेकडचे खात नाहीत? सरसकट तपासणी हा चाळणीचा एक प्रकार झाला, नेमका नमुना हा दुसरा, आणि देशाकडे पैसा व प्रयोगशाळा कमी असतील तर दुसरा पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तपासणीचा तिसरा प्रकार म्हणजे संकट कोसळल्यावरची शोधमोहीम. तिथे काय बिनसू शकतं, ते नायजेरियाच्या झमफारा राज्यात दिसलं. २०१० मध्ये तिथल्या खेड्यांत मुलं झटके येऊन मरू लागली. मेंदूज्वर असेल असं आधी वाटलं. गावकरी सोन्याचं खनिज घरच्या अंगणात, धान्याच्या गिरणीत दळत होते, आणि त्या खनिजात शिसं ठासून भरलेलं होतं. दोन गावांतल्या पाहणीत वर्षभरात पाच वर्षांखालची ४६३ पैकी ११८ मुलं दगावल्याचं आढळलं, आणि जिवंत असलेल्यांपैकी ज्यांचं रक्त तपासलं त्यांतल्या ९७ टक्के मुलांची पातळी ४५ किंवा त्याहून जास्त होती. ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संस्थेने औषध सुरू केलं, पण बागेगा नावाच्या मोठ्या गावात त्यांनी तसं करायला नकार दिला. का? अंगणातली विषारी माती अजून खणून काढलेली नव्हती. औषध घेऊन मूल त्याच अंगणात रांगलं असतं तर पुन्हा तेच शिसं पोटात गेलं असतं. बागेगातली माती २०१३ मध्ये काढली गेली आणि त्यानंतरच उपचार सुरू झाले. कठोर वाटणारा, पण वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक निर्णय.

आता पुन्हा बांगलादेशकडे येऊ, कारण तिथे उगम सापडल्यावर तो बंद कसा केला, हे मोलाचं आहे. २०१९ मध्ये अभ्यासाचे निष्कर्ष वर्तमानपत्रांत आले आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते मनावर घेतलं. बाजारपेठांत हजारो सूचनापत्रकं वाटली आणि चिकटवली गेली. ढाक्याच्या श्यामबाजार या घाऊक पेठेत छापा पडला. तिथे अधिकाऱ्यांच्या हातात एक्स-किरणांवर चालणारं, बंदुकीसारखं दिसणारं यंत्र होतं. हळकुंडावर ते टेकवलं की काही सेकंदांत शिसं आणि क्रोमियम दोन्हींचे आकडे दिसतात. दोघं ठरलेल्या प्रमाणात एकत्र आढळले की लेड क्रोमेट घातल्याचा पुरावा मिळतो, कारण मातीतून चुकून आलेलं शिसं क्रोमियमला असं मोजून-मापून बरोबर आणत नाही. व्यापाऱ्याला ‘जमिनीतून आलं असेल’ म्हणायची सोय उरली नाही. दोन व्यापाऱ्यांना मिळून आठ लाख टाका दंड झाला, माल जप्त झाला, आणि हे सगळं दूरचित्रवाणीवर देशाने पाहिलं.

बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांपैकी २०१९ मध्ये ४७ टक्क्यांत शिसं सापडत होतं. २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं, २०२१ मध्ये शून्यावर. गिरण्यांत भेसळीचा पुरावा २०१७ मध्ये ३० टक्के ठिकाणी मिळाला होता, तोही २०२१ मध्ये संपला. गिरणी कामगारांच्या रक्तातलं शिसं साधारण ३० टक्क्यांनी उतरलं. यात फक्त दंडाची जरब होती असं म्हणता येणार नाही. गिऱ्हाइकाला चमक म्हणजे विष हे कळलं आणि मागणीच बदलली, हा भाग तितकाच मोठा आहे. पण तेवढ्यावर बांगलादेशातलं शिसं संपलं असंही नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणाऱ्या भट्ट्या तिथे आहेत, आणि आपल्याकडेही आहेत.

भारताची गोष्ट विस्कळीत आहे. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या हजारांहून जास्त मुलांचं शिसं मोजलं गेलं होतं. जेमतेम १२ टक्के मुलांची पातळी ५ च्या खाली होती, ७६ टक्क्यांची ५ ते २० मध्ये, आणि उरलेल्यांची त्याहूनही वर. त्याच सुमारास बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशनने मुंबईसह सात शहरांत केलेल्या तपासणीत बारा वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांची पातळी १० च्या वर निघाली. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं होतं. ते २००० मध्ये देशभर बंद झालं. घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ च्या नोव्हेंबरपासून दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आली. दोन मोठे उगम आटले, पण पुढे शिशाची मोजणी मुलांच्या नेहमीच्या तपासणीत रुजली नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांची पातळी ५ किंवा त्याहून जास्त असावी असा अंदाज दिला आहे. त्यातली जवळपास २७.५ कोटी भारतातली.

आणि हळद? फोरसाइथ यांच्याच गटाने भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळमधल्या २३ शहरांतून हळद गोळा केली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिशाचं प्रमाण दर ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमच्या वर होतं. हजाराच्या वर गेलेले नमुने पाटणा, कराची आणि पेशावर इथले. जिथे शिसं जास्त तिथे क्रोमियमही बरोबरच होतं, म्हणजे पुन्हा तीच पूड.

पाटण्याच्या बाजाराचा निष्कर्ष सांगलीच्या पेठेवर लादणं चूक होईल. महाराष्ट्रातून देशभर जाणाऱ्या हळदीला भौगोलिक मानांकनाचं नाव आहे, आणि ते टिकवायचं असेल तर तपासणीला घाबरायचं कारण नाही. एक्स-किरणांचं ते यंत्र बाजार समितीच्या लिलावाच्या ओट्यावर सहज चालू शकतं. घरी करायची एक चाचणी भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच सुचवली आहे: अख्खं हळकुंड पेलाभर पाण्यात टाकायचं. वरून रंग चढवला असेल तर पाणी लगेच पिवळं होतं, नसेल तर रंग सहज सुटत नाही. ठोकळ भेसळ तिने कळते. थोडी भेसळ आणि दळलेली हळद मात्र तिच्या हाती लागत नाही, त्यामुळे पाणी स्वच्छ राहिलं म्हणून निर्धास्त होता येत नाही.

मुलांच्या बाजूने सुरुवात करायची तर अंगणवाडी हीच जागा योग्य. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तिथे मुलं तपासायला जातातच, आणि पंडुरोगी मुलं तिथेच सापडतात. लोहाची कमतरता असलेलं मूल शिसं जास्त शोषतं, आणि शिसं त्याचा पंडुरोग आणखी वाढवतं. या दोन्ही टोकांच्या मध्ये सापडलेलं मूल पहिल्यांदा तपासलं पाहिजे. लोहाच्या गोळ्या नियमित देऊनही ज्याचं हिमोग्लोबिन वर येत नाही, अशा मुलाच्या शिरेतल्या रक्तात शिसं मोजायला सांगणं हा सर्वांत स्वस्त नमुना ठरेल. त्याच्या जोडीला बॅटऱ्या फोडणाऱ्या वस्त्यांजवळच्या अंगणवाड्या आणि तुलनेसाठी त्याच तालुक्यातल्या दूरच्या अंगणवाड्या घ्याव्यात. फरक दिसला तर शोध नेमका होतो, आणि न दिसला तर स्वयंपाकघराकडे वळायचं कारण मिळतं.

पथकाच्या हाती एक छापील प्रश्नावलीही लागेल: घरात कुणी बॅटऱ्यांचं, रंगाचं, भंगाराचं काम करतं का? काजळ विकतचं की घरचं? मुलाला भस्म किंवा घुटी देता का, आणि ती कुणाकडून? हळद अख्खी घेता की दळलेली? मिसळणाच्या डब्यातून एक चमचा हळद वेगळ्या पिशवीत घ्यायची आणि मुलाच्या रक्ताच्या नळीवरचाच क्रमांक तिच्यावर लिहायचा. दोन्हींची नोंद एकाच कागदावर ठेवली, तर त्या मुलाचं शिसं हळदीतून आलं की बॅटरीच्या भट्टीतून, हे प्रयोगशाळेला ताडून पाहता येईल.